भुसा अर्धा किलो की साडेतीन? कंपोस्टचा हिशेब मांडणारा तक्ता

वीस बिऱ्हाडांच्या इमारतीत रोज साधारण २० किलो ओला कचरा निघतो असे धरू. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, उरलेला भात, आमटी. या कचऱ्याचे कर्ब-नत्र गुणोत्तर १८ आहे, म्हणजे त्यात १ भाग नत्राला १८ भाग कर्ब आहे. चांगले कंपोस्ट होण्यासाठी सुरुवातीला हे गुणोत्तर ३० च्या आसपास हवे. कोपऱ्यावरच्या वखारीत लाकडाचा भुसा मिळतो आणि त्याचे गुणोत्तर ५०० आहे. तर २० किलो कचऱ्यात भुसा किती घालायचा?

बहुतेकजण सरासरी काढतात. २० किलो १८ चे आणि अर्धा किलो ५०० चे एकत्र केले की सरासरी जवळपास ३० येते. कागदावर उत्तर चोख दिसते. प्रत्यक्षात अर्धा किलो भुसा घातलेल्या टाकीतले गुणोत्तर २० च्याही पुढे जात नाही, आणि दोन-तीन दिवसांत टाकीतून नाक झोंबणारा वास येऊ लागतो. खरे उत्तर साडेतीन किलो आहे, म्हणजे सात पट.

ही चूक हाताने हिशेब करताना हमखास होते, आणि स्प्रेडशीटमध्ये सात-आठ रकान्यांचा छोटा तक्ता मांडला की ती होऊच शकत नाही. हा तक्ता कसा मांडायचा, त्यातले आकडे कुठून आणायचे आणि त्यावर कुठपर्यंत विसंबायचे, हे एकाच इमारतीच्या उदाहरणातून पाहू.

तीसच का?

कंपोस्ट करतात ते जिवाणू आणि बुरशी. त्यांना कर्ब दोन कामांसाठी लागतो. एक म्हणजे शरीर बांधण्यासाठी, आणि दुसरे म्हणजे जाळून ऊर्जा मिळवण्यासाठी. जाळलेला कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो आणि त्याच उष्णतेने ढीग तापतो. त्यांच्या स्वतःच्या शरीरात १ भाग नत्राला ढोबळमानाने ८ भाग कर्ब असतो. पण शरीरात एक भाग कर्ब बसवायचा तर साधारण दोन भाग जाळावे लागतात. म्हणजे १ भाग नत्रामागे २४ भाग कर्ब लागणारच. शिवाय पाने आणि लाकूड यांतला काही कर्ब जिवाणूंच्या हाती लवकर लागत नाही. तेवढी सूट धरली की २५ ते ३० हा आकडा येतो.

गुणोत्तर याच्या खाली गेले की नत्र जिवाणूंना पुरून उरते. उरलेले नत्र अमोनियाच्या रूपात उडून जाते. मुतारीसारखा झोंबणारा वास येतो तो त्याचाच. म्हणजे जे नत्र झाडांना द्यायचे, तेच हवेत जाते. गुणोत्तर ४० च्या वर गेले की उलटे होते. नत्र अपुरे पडते, जिवाणूंची वाढ खुंटते, ढीग तापत नाही आणि महिनोन्महिने पाने पानांसारखीच राहतात.

काम पुढे सरकते तसा कर्ब जळत जातो आणि गुणोत्तर आपोआप उतरते. तयार शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये हे गुणोत्तर २० च्या खाली असण्याची अट आहे. सुरुवात ३० ला आणि शेवट २० च्या खाली, असा हा प्रवास आहे.

सरासरी का चुकते

एक किलो भुसा घ्या. त्यात साधारण १०० ग्रॅम पाणी आहे. उरलेल्या ९०० ग्रॅममध्ये निम्मा, म्हणजे ४५० ग्रॅम कर्ब आहे. नत्र मात्र जेमतेम ०.९ ग्रॅम. ४५० ला ०.९ ने भागले की ५०० येतात.

आता एक किलो सुकी पाने घ्या. पाणी १५० ग्रॅम, कोरडा भाग ८५० ग्रॅम. त्यात कर्ब सुमारे ३८० ग्रॅम आणि नत्र साडेसात ग्रॅमच्या आसपास. गुणोत्तर ५०.

भुशाचे गुणोत्तर पानांच्या दहा पट आहे, पण भुशातला कर्ब पानांच्या दहा पट मुळीच नाही. दोन्हींत तो जवळपास सारखाच आहे. भुशाचा आकडा एवढा फुगतो तो केवळ नत्र नगण्य असल्यामुळे. भुशाचे गुणोत्तर ५०० ऐवजी १००० असते तरी एका किलोमागे टाकीत पडणारा कर्ब तेवढाच राहिला असता. म्हणून गुणोत्तरांची सरासरी काढण्याला काही अर्थ नाही. प्रत्येक घटकातून किती किलो कर्ब आला आणि किती किलो नत्र आले हे वेगवेगळे मोजायचे, दोन्हींची स्वतंत्र बेरीज करायची आणि भागाकार अगदी शेवटी, एकदाच करायचा.

दुसरी गोष्ट पाण्याची. कोष्टकांत कर्ब आणि नत्राचे टक्के दिलेले असतात ते कोरड्या वजनावर. आपण काट्यावर ठेवतो तो ओला कचरा. २० किलो ओल्या कचऱ्यात ७५ टक्के पाणी असेल, तर कोरडा माल फक्त ५ किलो आहे. पाणी वजा न करता टक्के लावले तर कचऱ्यातले नत्र चौपट दिसेल आणि सगळा हिशेब तिथेच फसेल.

हे सूत्र नवे नाही. अमेरिकेत १९९२ साली निघालेल्या शेतावरील कंपोस्टच्या हस्तपुस्तिकेत अनेक पदार्थांची कोष्टके आहेत, आणि कॉर्नेल विद्यापीठाने हेच गणित सूत्ररूपात सर्वांसाठी मांडून ठेवले आहे. स्प्रेडशीट हे गणित फक्त न चुकता आणि झटपट करते.

तक्ता मांडू या

एक्सेल, लिबरऑफिस किंवा गूगल शीट्स, काहीही चालेल. पहिल्या ओळीत शीर्षके लिहा. A रकान्यात घटकाचे नाव, B मध्ये वजन किलोत, C मध्ये पाण्याचे टक्के, D मध्ये कर्बाचे टक्के आणि E मध्ये नत्राचे टक्के. शेवटचे दोन कोरड्या वजनावरचे. हे पाच रकाने आपण भरायचे. पुढचे तीन स्प्रेडशीट भरेल: F मध्ये कोरडे वजन, G मध्ये कर्ब किलोत, H मध्ये नत्र किलोत. दुसऱ्या ओळीत ही सूत्रे टाका आणि सातव्या ओळीपर्यंत खाली ओढा.

```
F2: =B2*(1-C2/100)
G2: =F2*D2/100
H2: =F2*E2/100
```

आठव्या ओळीत बेरजा. त्याखाली तीन आकडे: हवे असलेले गुणोत्तर, प्रत्यक्ष आलेले गुणोत्तर आणि मिश्रणातले पाणी.

```
B8:  =SUM(B2:B7)
F8:  =SUM(F2:F7)
G8:  =SUM(G2:G7)
H8:  =SUM(H2:H7)
B10: 30
B11: =G8/H8
B12: =(B8-F8)/B8*100
```

आता आकडे भरा. दुसऱ्या ओळीत ओला कचरा: २०, ७५, ४५, २.५. स्प्रेडशीट लगेच सांगेल की कोरडा माल ५ किलो, कर्ब २.२५ किलो आणि नत्र ०.१२५ किलो, म्हणजे १२५ ग्रॅम. गुणोत्तर १८. तिसऱ्या ओळीत सुकी पाने. वजन तूर्त रिकामे ठेवा. पाणी १५, कर्ब ४५, नत्र ०.९.

पानांचे वजन अंदाजाने बदलत B11 मध्ये ३० येईपर्यंत खेळता येते. एक्सेल आणि लिबरऑफिसमध्ये Goal Seek नावाची सोय हेच काम स्वतः करते. पण सूत्रच दिले की रोजची कटकट संपते. पानांच्या वजनाच्या सेलमध्ये, म्हणजे B3 मध्ये, हे लिहा:

```
=(B10*(H2+SUM(H4:H7))-G2-SUM(G4:G7))/((1-C3/100)*(D3-B10*E3)/100)
```

दिसायला लांब असले तरी याचा अर्थ साधा आहे. वरचा भाग विचारतो, पाने सोडून बाकीच्या मालात जेवढे नत्र आहे त्याला ३० पटीने किती कर्ब लागेल आणि त्यातला किती कमी पडतो. आपल्या उदाहरणात लागणार ३.७५ किलो, आहे २.२५, तूट दीड किलो. खालचा भाग सांगतो की पानांचा प्रत्येक किलो ही तूट किती भरून काढतो. पानांतही थोडे नत्र असतेच आणि त्याची गरज भागवल्यावर जो कर्ब शिल्लक राहतो तोच कामाचा. एका किलोमागे तो १५३ ग्रॅम भरतो. दीड किलोला १५३ ग्रॅमने भागा. उत्तर येते ९.८ किलो.

सूत्राने ऋण आकडा दिला तर गोंधळू नका. एक शक्यता अशी की निवडलेल्या सुक्या घटकाचे गुणोत्तरच ३० पेक्षा कमी आहे आणि तो कितीही घातला तरी ३० गाठता येणार नाही. दुसरी अशी की बाकीच्या मालातच कर्ब पुरेसा आहे, आणखी घालायची गरज नाही.

पाणी निकाल लावते

९.८ किलो पाने घातली की B12 मध्ये ५५ टक्के पाणी दिसते. कंपोस्टला ५० ते ६० टक्के पाणी मानवते, त्यामुळे हे मिश्रण दोन्ही कसोट्यांवर उतरते. आता B10 मध्ये ३० च्या जागी २५ लिहा. पाठ्यपुस्तकांत २५ ही चालते. पाने एकदम ४.६ किलोवर येतात, निम्म्याहून कमी. ही बचत हवीहवीशी वाटते. पण B12 कडे पाहा. पाणी ६४ टक्के झाले आहे. गुणोत्तर बरोबर असूनही ही टाकी बिघडणार.

कारण असे की पाणी वाढले की कणांमधल्या फटी भरतात आणि हवा आत शिरत नाही. हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात, हवेशिवाय कुजवणारे पुढे येतात. त्यांचा वास वेगळा असतो, सडक्या अंड्यासारखा किंवा आंबूस. तळाशी काळपट पाणी सुटते आणि अळ्या होतात. हा वास अमोनियापासून ओळखता आला पाहिजे, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. नाक झोंबत असेल तर नत्र जास्त झाले आहे, कर्ब वाढवा. सडका वास असेल तर हवा कमी पडते आहे. माल उलथापालथ करा आणि जाडसर कोरडा माल मिसळा.

आता पानांच्या जागी भुसा घालून पाहा: पाणी १०, कर्ब ५०, नत्र ०.१. सूत्र म्हणते ३.५५ किलो पुरे. गुणोत्तर ३०, पाणी मात्र ६५ टक्के. भुशात कर्ब आहे, पण तो थोडाच लागत असल्याने कचऱ्यातले पाणी सामावून घ्यायला पुरेसा कोरडा माल टाकीत पडत नाही. घरगुती ओल्या कचऱ्याच्या बाबतीत बहुतेक वेळा असेच घडते. गुणोत्तर आधी जमते, पाणी नंतर. म्हणून तक्त्यात B11 आणि B12 हे दोन्ही आकडे शेजारी हवेतच. फक्त गुणोत्तर सांगणारा तक्ता अर्धाच सल्ला देतो.

भुशाची आणखी एक मर्यादा तक्त्याला दिसत नाही. लाकडातला बराचसा कर्ब लिग्निन या चिवट पदार्थात अडकलेला असतो. तो जिवाणूंना काही आठवड्यांत मिळत नाही. कागदावर गुणोत्तर ३० असले तरी जिवाणूंच्या वाट्याला त्याहून कमीच कर्ब येतो आणि थोडा अमोनिया सुटतोच. शिवाय बारीक भुसा ओला होऊन बसतो आणि हवा अडवतो. रंध्याचा जाडसर छिलका मिळाला तर तो बरा. प्लायवूड किंवा एमडीएफ कापल्याचा भुसा मात्र घेऊ नये, त्यात डिंक आणि रसायने असतात.

पाने पुरतील का?

रोज ९.८ किलो म्हणजे महिन्याला जवळपास ३०० किलो सुकी पाने. वीस बिऱ्हाडांच्या इमारतीच्या आवारात चार-सहा झाडे असतील तर एवढा पाचोळा वर्षभर मिळणे कठीण. तक्त्याचा खरा उपयोग इथे होतो. योजना आखण्याआधीच तूट दिसते.

मग दोन्ही मिसळून पाहू. चौथ्या ओळीत भुशाचे आकडे भरा आणि वजन १.४ किलो लिहा. B3 मधले सूत्र भुशाचा कर्ब आपोआप धरते आणि पाने ६ किलोच्या जरा खाली आणते. सरळ ६ किलो धरा. गुणोत्तर ३० आणि पाणी साडेअठ्ठावन्न टक्के. दोन्ही मर्यादेत. महिन्याला पाने ३०० ऐवजी १८० किलो, आणि भुसा ४२ किलो. वखारीतून महिन्याला तीन-चार पोती भुसा आणणे कोणत्याही सोसायटीला जमते. भुसा थोडाच असल्याने लिग्निनची अडचणही मोठी राहत नाही.

आणखी एक उपाय फुकटचा आहे. कचरा टाकीत घालण्याआधी भोकांच्या बादलीत काही तास निथळू द्यायचा. २० किलोतून दोन लिटर पाणी गळाले, तर ४.६ किलो पानांचे मिश्रण ६४ वरून ६१ टक्क्यांच्या आत येते. निथळलेल्या पाण्याबरोबर थोडे नत्रही जाते, त्यामुळे ते पाणी गटारात न सोडता भरपूर साधे पाणी मिसळून झाडांना द्यावे.

पावसाळ्यात सगळे बदलते. उघड्यावर पडलेल्या पानांत पाणी १५ वरून ४५ टक्क्यांवर जाते. C3 मध्ये फक्त एवढाच एक आकडा बदला. पाने ९.८ वरून १५ किलोवर जातात आणि तरीही मिश्रणात ६२ टक्के पाणी राहते. दीडपट ओझे वाहूनही टाकी ओलीच. म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल, पानगळीच्या दिवसांत मिळणारी पाने कुटून, पोत्यांत भरून, छपराखाली ठेवणे हा पावसाळ्याचा खरा बंदोबस्त आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी, भुशाची जोड धरून, साधारण ७२० किलो लागतील. पोत्यात ८ किलो कुटलेली पाने मावतात असे धरले तर ९० पोती. जागा आहे का, हे पावसाळ्याआधीच ठरवता येते.

आकडे कुठून आणायचे

पाणी स्वतः मोजता येते आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. कचऱ्यातून तीन-चार ठिकाणचा नमुना घ्या, बारीक चिरा, एकत्र करा आणि त्यातले १०० ग्रॅम स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. ओव्हनमध्ये १०५ अंशांच्या आसपास वाळवा. उन्हाळ्यात पातळ पसरून कडक उन्हात ठेवले तरी बऱ्यापैकी अंदाज येतो. लागोपाठ दोन वेळा तोलून वजन सारखे आले की थांबा. १०० चे २५ ग्रॅम उरले तर पाणी ७५ टक्के. पानांचे, भुशाचेही असेच करा.

कर्बाची फारशी चिंता करू नका. बहुतेक वनस्पतीजन्य मालात तो कोरड्या वजनाच्या ४० ते ५० टक्के असतो. प्रयोगशाळेतून राखेचे प्रमाण कळले तर एक ढोबळ सूत्र वापरतात: १०० मधून राखेचे टक्के वजा करून १.८ ने भागायचे. माती मिसळलेला झाडलोटीचा पाचोळा असेल तर राख जास्त आणि कर्ब कमी निघतो.

खरा डळमळीत आकडा नत्राचा. खाण्याच्या पदार्थांसाठी एक सोपी वाट आहे. प्रथिनांचे टक्के ६.२५ ने भागले की नत्राचे टक्के मिळतात. कोरड्या डाळीत २४ टक्के प्रथिने धरली तर नत्र ३.८ टक्के आणि गुणोत्तर १२ च्या जवळ. तांदळात ८ टक्के प्रथिने, म्हणून नत्र १.३ टक्के आणि गुणोत्तर ३४ च्या आसपास. उरलेल्या भाताला कर्बाची जोड जवळजवळ लागतच नाही, त्याची अडचण पाणी आणि चिकटपणाची. मासळीच्या टाकाऊ भागाचे गुणोत्तर मात्र ४ च्या आसपास असते. ज्या दिवशी इमारतीत मासळीचा कचरा जास्त त्या दिवशी त्याला स्वतंत्र ओळ द्यावी.

आपण कचऱ्याचे नत्र २.५ टक्के धरले. ते चुकले असेल तर? E2 मध्ये ३ लिहा, B3 मध्ये पाने ९.८ कायम ठेवा. गुणोत्तर २७ येते. २ लिहा, ३४ येते. दोन्ही ठिकाणी ढीग चालेल. एक जरा जास्त वास मारील, दुसरा जरा सावकाश होईल. म्हणून तक्त्यातल्या दशांशामागे धावू नये. २९.८ आणि ३०.२ मध्ये काहीही फरक नाही. २० आणि ३० मध्ये मात्र आहे, आणि अर्ध्या किलो भुशाची चूक नेमकी तेवढी होती.

किलोवरून बादलीकडे

रोज कचरा टाकणारे मावशी किंवा माळीकाका काटा घेऊन बसणार नाहीत. त्यांच्याकडे बादली असते. म्हणून तक्त्याचे उत्तर एकदा बादलीत उतरवून द्यायचे. २० लिटरची बादली ओल्या कचऱ्याने भरून तोला. समजा १० किलो भरली. तीच बादली कुटलेल्या पानांनी भरून तोला. समजा २ किलो भरली. मग २० किलो कचरा म्हणजे दोन बादल्या आणि ९.८ किलो पाने म्हणजे पाच बादल्या. एकाला अडीच. ओल्याच्या दुप्पट-तिप्पट सुके, हा जो ठोकताळा बागकाम करणारे सांगतात तो असा मापाने खरा ठरतो. वजनाने मात्र तो उलटा आहे, सुके ओल्याच्या निम्मेच. ठोकताळा मापाचा आहे की वजनाचा हे न सांगता दिला तर तो निरुपयोगी होतो. न कुटलेली पाने घेतली तर बादलीत जेमतेम किलोभर मावतील आणि पाचाच्या दहा बादल्या होतील. म्हणून हे तोलणे आपल्याच मालाचे करायचे.

तक्त्याला न दिसणारे

मिश्रणात हवा किती खेळते हे तक्त्याला कळत नाही. तुकडे किती मोठे आहेत तेही नाही. ढीग किती मोठा आहे तेही नाही. साधारण एक घनमीटरपेक्षा लहान ढीग आतली उष्णता धरून ठेवू शकत नाही, मग मिश्रण कितीही नेमके असो. अशा लहान टाकीत कंपोस्ट होते, पण सावकाश आणि रोगजंतू मारण्याइतके न तापता.

त्यामुळे पहिले मिश्रण तक्त्यावरून करायचे आणि पुढची दुरुस्ती ढिगाकडे पाहून. आत लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसा. मोठा ढीग दोन-तीन दिवसांत ५५ अंशांच्या वर गेला तर मिश्रण जमले. मूठभर माल घट्ट दाबा. बोटांतून एखाद-दोन थेंब आले तर पाणी ठीक, धार लागली तर जास्त, मूठ उघडताच माल विस्कटला तर कमी. ही नोंद तक्त्यात त्याच दिवसाच्या ओळीपुढे लिहा.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच आकडा हलवायचा. वारंवार अमोनियाचा वास येत असेल, तर कचऱ्यातले नत्र आपण धरले त्याहून जास्त आहे. E2 अडीचवरून तीन करा आणि सूत्र सांगेल तेवढी पाने वाढवा. ढीग कोरडा नसूनही थंड पडत असेल आणि त्याचे आकारमान पुरेसे असेल, तर ते दोनकडे आणा. मुठीतून धार लागत असेल, तर नत्राला हात न लावता C2 पुन्हा मोजा. काही आठवड्यांत तक्त्यातले आकडे कोष्टकातले न राहता त्या इमारतीचे होतात, आणि मग सोसायटीला हवे असलेले उत्तर, आज दोन बादल्या कचऱ्याला किती बादल्या पाने आणि किती भुसा, ते एका दृष्टिक्षेपात देतात.